मदत हवी आहे: मित्राच्या कुटुंबासाठी आवाहन कसं लिहू?

माणगंगा_काठ
गेल्या महिन्यात आमचा वर्गमित्र हार्ट अटॅकने गेला. स्वतःचा छोटा हत्ती चालवायचा, घरात कमावता तोच. मागे वहिनी, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी. बॅचच्या आणि गावच्या ग्रुपसाठी हे लिहिलंय:

"काळाने घाला घातला, चिमुकल्यांचं छत्र हरपलं, कुटुंब उघड्यावर पडलं. गाडीचं 2,10,000 कर्ज, घरभाडं, शिक्षण. फूल ना फुलाची पाकळी द्या."

खाली वहिनींचा गूगल पे नंबर. वहिनी वाचून म्हणाल्या, "भावजी, हे भीक मागितल्यासारखं वाटतंय." काय बदलू?

रिटायर्ड_कॅशियर
कर्जाची ओळ आधी काढा. गाडीच्या कर्जासोबत बरेचदा कर्जदाराचा विमा उतरवलेला असतो. फायनान्सवाल्यांकडे लेखी विचारा. त्याच्या पासबुकात मे अखेरीस 436 रुपये कापलेले दिसले, तर प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे दोन लाख मिळू शकतात. ग्रुपवर कर्जासाठी पैसे मागितले आणि मागून विमा आला, तर बोलणी वहिनींना बसतील.

आणि मोबाइल नंबर फॉरवर्डमध्ये टाकू नका. वर्षभर अनोळखी फोन येत राहतील. त्यांच्या एकटीच्या नावावरचं खातं आणि आयएफएससी द्या, चौकशीसाठी तुमचा नंबर.

सुखदा_प
80जीची आयकर सूट मिळेल असं लिहा, लोक जास्त देतात.

रिटायर्ड_कॅशियर
ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर. व्यक्तीच्या खात्यात टाकलं तर नाही. लिहू नका.

बाबू_तात्या
वारस दाखला काढला का? माझ्या भावाच्या वेळी कोर्टात हेलपाटे घालून चपला झिजल्या.

ओवी_लिहिते
तात्या, प्रश्न मजकुराचा आहे. वहिनी सध्या काय करतात?

माणगंगा_काठ
ब्लाउज शिवतात. किराणा त्यावर निघतो. भाडं महिना 6,000, मुलांची वर्षाची फी 34,000.

ओवी_लिहिते
मग हेच लिहा की! तुमच्या मसुद्यात त्या कुठेच नाहीत, नुसतं संकट आहे.

"आपला मित्र गेल्या महिन्यात गेला. वहिनी शिवणकाम करून घरखर्च भागवत आहेत. सहा महिन्यांचं भाडं 36,000 आणि मुलांची फी 34,000, अशा 70,000 रुपयांचा भार आपण मित्रांनी उचलावा, ही विनंती. रक्कम जमताच इथे हिशोब देऊ आणि मदत घेणं थांबवू. हा मजकूर वहिनींना दाखवून टाकला आहे."

मित्राचं नाव आणि आवाहनाची तारीख घाला. तारीख नसली की असले मेसेज दोन वर्षांनीही फिरतात.

माणगंगा_काठ
वहिनींना हा पटला. फायनान्सवाल्यांकडे सोमवारी जातो. पण त्यांचा भाऊ म्हणतो, मुलांचा फोटो टाकल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही.

सुखदा_प
खरंय त्याचं.

ओवी_लिहिते
मुलगा आठवीत आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांच्या आयांकडेही हा मेसेज जाणार. त्याला विचारलंत का?

माणगंगा_काठ
नाही. आज विचारतो.