मदत हवी आहे: चहाचा कॅन चार तासांत ११ अंश उतरला, ही उष्णता जाते कुठून?

हळदपेठ

आई सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळी चहा देते. हळदीचे सौदे असले की हमाल, अडते, गाडीवाले सगळ्यांनाच चहा लागतो. घरून पहाटे कॅन भरून नेते. १० लिटरचा स्टीलचा, भिंतीत पफ म्हणजे उष्णता अडवणारा फोम भरलेला, खाली तोटी. नऊ-साडेनऊपर्यंत ठीक असतं, पण नंतर गिऱ्हाईक कप तोंडाला लावतं आणि "मावशी, कोमट झाला" म्हणतं. नवा कॅन घ्यायचा की जुन्यालाच काही करायचं, हे ठरवायचंय.

म्हणून सुट्टीच्या दिवशी चहाऐवजी साधं पाणी भरून बघितलं. दुकानातल्या काट्यावर ८ किलो पाणी धरलं. ओतल्याबरोबर ९४ अंश होतं, झाकण लावून दहा मिनिटांनी हलवून बघितलं तर ९२. तिथून वेळ धरली. चार तासांनी परत हलवून मोजलं, ८१ अंश. खोलीत २६ होतं. मधे एक थेंबही काढला नाही. याच्यावरून किती उष्णता गेली ते कसं काढायचं, आणि हा आकडा चांगला की वाईट?

साधा_हिशोब

एक किलो पाणी एक अंश उतरलं की ४.१८ किलोज्यूल जातात. तुमचे ८ किलो, ११ अंश. ८ × ४.१८ × ११, म्हणजे साधारण ३६८ किलोज्यूल. चार तासांचे १४,४०० सेकंद, भागून सुमारे २५ वॅट. एक छोटा बल्ब सतत जळावा एवढी गळती. तासाला पावणेतीन अंश.

यार्डात चहा संपत जातो त्याची चिंता नको. कॅन अर्धा झाला की उष्णताही निम्मीच जाणार, त्यामुळे उतरण्याचा वेग तोच राहतो. पाच तासांना चौदा-एक अंश धरा.

घाटमाथा

आमची महाबळेश्वरला गाडी आहे. आमच्याकडे पाणी ९५-९६ लाच उकळतं, त्यामुळे कॅन भरतानाच आम्ही काही अंश मागे असतो. त्यात वारा. आम्ही कॅनवर घोंगडी गुंडाळतो आणि दर दोन तासांनी ताजा चहा करून त्यात ओततो. तुमच्या आईंनी पण एवढा मोठा कॅन नेण्यापेक्षा दोन छोटे न्यावेत.

तासगाव_कोल्ड

मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर देखभालीचं काम बघतो, आमचं आयुष्यच पफमधून काय आत येतं हे मोजण्यात जातं. फक्त इथे दिशा उलटी.

३६८ चा हिशोब बरोबर आहे. दहा मिनिटं थांबून ९२ धरलंत तेही योग्य. पहिले दोन अंश बहुतेक आतलं थंड स्टील तापवण्यात गेले, ती कॅनची गळती नव्हे. आई चहा भरण्याआधी उकळतं पाणी थोडा वेळ आत फिरवून ओतून देत असतील तर ते दोन अंश वाचतात.

पण निम्म्या कॅनचं म्हणणं पटत नाही. भिंतीतून किती जाणार हे भिंतीचं क्षेत्रफळ आणि आत-बाहेरचा फरक यावर ठरतं. चहा खाली गेला तरी वरची रिकामी जागा वाफेनं भरलेली असते, ती वाफ भिंतीवर जमून भिंत गरमच ठेवते. म्हणजे वॅट जवळजवळ तेवढेच आणि पाणी मात्र निम्मं. ४ किलोला २५ वॅट म्हणजे तासाला साडेपाच अंशांच्या आसपास. तुमची तक्रार नऊ-साडेनऊनंतर सुरू होते, ती इथूनच.

आणि यार्डातल्या तापमानांवरून हेच सूत्र लावू नका. काढलेला चहा स्वतःची उष्णता घेऊन जातो, आणि वस्तुमान दर कपाला बदलतं. चाचणी बंद कॅनवरच करायची, जशी तुम्ही केलीत.

आता मला खरं विचारायचंय ते हे: चार तासांनंतर कॅन परत काट्यावर ठेवला होता का?

हळदपेठ

ठेवला होता दादा, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही. ६० ग्रॅम कमी भरला. काटा पाच ग्रॅमचा आहे.

तासगाव_कोल्ड

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. तोटीतून ठिबकलं असेल तर ६० ग्रॅमनं तापमानाला काही फरक पडत नाही. पण ते वाफ होऊन गेलं असेल तर ग्रॅममागे सुमारे २.२८ किलोज्यूल गेले. ६० ग्रॅमचे १३७. तुमच्या ३६८ पैकी एक तृतीयांशाहून जास्त उष्णता झाकणातून वाफेच्या रूपानं पळाली, भिंतीतून नव्हे. तोटीखाली काही ठेवलं होतं का? आणि झाकणाच्या कडेला ओल होती का?

हळदपेठ

खाली बशी होती, कोरडी. झाकणाच्या कडेला एका बाजूला थेंब होते. रबर तिथे चपटं झालंय. आणि एक सांगायचं राहिलं, चाचणीत झाकण घट्ट होतं, पण यार्डात आई ते सैलच ठेवते. नाहीतर तोटीतून धार येत नाही.

तासगाव_कोल्ड

हवा आत गेल्याशिवाय धार येणार नाहीच, त्यांचं बरोबर आहे. पण सैल झाकण सकाळभर वाफ सोडत राहतं. कप भरताना तेवढं सैल करून लगेच आवळायला सांगा.

आधी वॉशर बदला. वाफ पूर्ण थांबली तर उरतात २३१ किलोज्यूल, म्हणजे १६ वॅट. तेच ८ किलो चार तासांत ११ ऐवजी सातेक अंश उतरायला हवेत. नव्या वॉशरनं पुन्हा तीच चाचणी करा, वजनासकट. वजन घटलं नाही आणि तरीही दहा-अकरा उतरले, तर दोष पफमध्ये.

साधा_हिशोब

वाफेचं मी धरलंच नव्हतं. पण वरची भिंत पूर्ण गरम राहते याची खात्री नाही वाटत. वॉशर चांगलं असेल, कॅन स्थिर असेल, तर वरचा थर थोडा तरी थंड होईल की. मग निम्म्या कॅनला २५ ऐवजी २० वॅटही असतील.

तासगाव_कोल्ड

असू शकतील. ४ किलो भरून मोजल्याशिवाय यावर मी भांडणार नाही. हळदपेठ, जमलं तर तेही करा. दोन्ही वेळा तापमान घेण्याआधी हलवा, कारण तोटीजवळचं पाणी वरच्यापेक्षा गार असतं.

आणखी एक. चाचणी चालू असताना कॅनच्या बाहेरून सगळीकडे हात फिरवा. चांगल्या पफवर बाहेरचं स्टील जेमतेम कोमट लागतं. एखादा पट्टा स्पष्ट गरम लागला तर तिथे पफ फुटलाय किंवा पाणी शिरलंय.

हळदपेठ

तोटीच्या भोवती तळहाताएवढी जागा गरम लागते. बाकी सगळं गारच. तिथे पाणी शिरलं असेल का?

मिरजेची_ताई

आमच्या नव्या कोऱ्या कॅनलाही तोटीपाशी गरम लागतं. पितळेची तोटी सरळ आतून बाहेर येते, ती उष्णता आणणारच.

तासगाव_कोल्ड

ताईंचं म्हणणंही शक्य आहे. पण फक्त तोटीमुळे असेल तर गरमपणा तोटीला चिकटून असतो, तळहाताएवढा पसरत नाही. तोटीची चकती सैल करून आत ओल दिसते का बघा. ओला झालेला पफ वाळवून परत पहिल्यासारखा होतो का, यावर आमच्याकडेही एकमत नाही. कोणी चहाच्या कॅनला करून बघितलं असेल तर सांगा.

हळदपेठ

वॉशर आज आणतो. येत्या सुट्टीला ८ किलो आणि ४ किलो, दोन्ही आकडे इथे टाकतो. तोवर आईला झाकणाचं सांगितलंय.