फलकाच्या फोटोवरून रन रेट: हा सामना कोण जिंकेल?

धरमपेठ_11: नागपुरातल्या क्लब सामन्यातले, 20 षटकांच्या मॅचचे दोन फोटो आलेत. दोन्हींत 4 बाद, ओव्हर 13.4, खाली `1ST INN 156`. धावा मात्र एकात 98, दुसऱ्यात 96 दिसतात. रन रेट किती, किती हवा, आणि जिंकेल कोण?

महालचा_मध्या: सोपं आहे. 98 ला 13.4 ने भागा, 7.31. जिंकायला 157, म्हणजे अजून 59. ओव्हर उरल्या 6.6, म्हणून 8.94 हवा. सहा विकेट हातात आहेत भाऊ, बॅटिंगवालेच जिंकतील.

जुना_स्कोअरर: 59 बरोबर. पण 6.6 ओव्हर कुठून आणल्या? सहा चेंडू झाले की ओव्हर संपते. 13.4 म्हणजे 82 चेंडू, उरले 38. रन रेट 98 × 6 ÷ 82 = 7.17, आणि हवा 59 × 6 ÷ 38 = 9.32. फरक छोटा वाटतो, पण 8.94 च्या गतीने 38 चेंडूंत जेमतेम 57 होतात. एका धावेने हरलात!

आता 96 की 98. एलईडीचे दिवे भराभर लुकलुकतात, शटर वेगात असलं की आकड्याची एखादी पट्टी फोटोत येत नाही. त्यामुळे 8 चा 6 दिसू शकतो, 6 चा 8 नाही. चेंडू तोच आहे, मध्ये वाइड-नोबॉल गेला नसेल तर 98 धरा.

वर्धा_रोड: आमच्या लीगमध्ये आम्ही 17.2 मध्ये सर्वबाद झालो, तरी पूर्ण 20 ओव्हर धरल्या. इथेही 20 नेच भागायला हवं ना?

जुना_स्कोअरर: तो गुणतक्त्यातला नेट रन रेट. चालू डावात टाकलेलेच चेंडू मोजायचे.

महालचा_मध्या: बरं, 9.32. तरी चेंडूला दीड धावच ना! सहा विकेट असताना आजकाल हे सहज होतं.

जुना_स्कोअरर: सहज कसं? आतापर्यंत 7.17 ने खेळले, याच चालीने 143 वर थांबतील. 10 नोव्हेंबर 2019 ची जामठ्याची मॅच आठवा. बांगलादेशला 175 हवे होते, 2 बाद 110 पर्यंत तेच पुढे होते. मग शेवटच्या आठ विकेट 34 धावांत गेल्या, दीपक चहरची हॅट्ट्रिक त्यातच. 144 वर सर्वबाद. एका विकेटने सगळं फिरतं, हे रेटमध्ये दिसत नाही. माझा कौल गोलंदाजांना.

महालचा_मध्या: ती चहरची बॉलिंग होती, क्लबच्या पोरांची नाही. इथे मुख्य बॉलरच्या ओव्हर संपल्या असतील तर?

जुना_स्कोअरर: हा मुद्दा मान्य. फलकावर ते नाही. धरमपेठ, कुणाच्या किती ओव्हर उरल्यात आणि क्रीजवर कोण आहे, विचारून सांगा.

धरमपेठ_11: एक जण 31 वर नाबाद, सेट आहे. बॉलरचं विचारतो.