मदत हवी आहे: ट्रॅक्टरचा चिखल काढायला प्रेशर जास्त हवं की पाणी?

ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर धुण्यासाठी वॉशर बदलायचा आहे. चिखल काळ्या मातीचा, वाळून घट्ट बसलेला. सध्याचं मशीन सिंगल फेज, ३ एचपी, १५० बार, मिनिटाला ७ लिटर. ढेकूळ फुटतं, पण सुटलेली माती खाली वाहून जात नाही, तिथेच पसरते. मडगार्डच्या आत तर एकाच जागेवर परत परत फिरवावं लागतं.

१५ आणि २५ अंशांचे नोझल वापरून पाहिले. आधी भिजवून ठेवलं की थोडा फरक पडतो. फिल्टर साफ आहे, इनलेटला पाणी पुरेसं येतं आणि गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं. नोझल याहून जवळ नेत नाही, बेअरिंगच्या सीलमध्ये पाणी शिरतं.

थ्री फेज नाही, त्यामुळे मोटर ३ एचपीचीच राहणार. तेवढ्याच ताकदीत ८० बार, १३ लिटरचा पंप बसतो. पाण्याचा धक्का प्रवाह गुणिले प्रेशरचं वर्गमूळ या प्रमाणात धरला, तर तो साधारण ३५ टक्के जास्त येतो. मात्र ५०० लिटरची टाकी सव्वा तासाऐवजी ३८ मिनिटांतच रिकामी होईल. तेही चालेल, काम लवकर उरकत असेल तर.

ग्रीसचा प्रश्न वेगळा, त्याला डिझेल लावतोच. फक्त मातीबद्दल विचारतोय: ८० बारला वाळलेली काळी माती पत्र्यावरून सुटते का, की निदान १०० बार तरी लागतातच?