चर्चा: पालखेडची मोहीम – रणनीती कुठे संपते आणि डावपेच कुठे सुरू होतात?

परीक्षार्थी_२२: रणनीती, मोहीम आणि डावपेच हे तीन वेगळे असतात म्हणे. मला तर तिन्ही एकच वाटतात. कुणी एकाच लढाईवरून फरक सांगेल का?

गडवाट: सोपं आहे. गनिमी कावा ही मराठ्यांची रणनीती. पालखेडला बाजीरावांनी तीच वापरली, निजाम हरला. विषय संपला.

जुना_तोफखाना: गडवाट, अर्धं बरोबर. छापे, हुलकावण्या, रसद तोडणं हे डावपेच झाले. ते कशासाठी, हे त्यांतून कळत नाही.

१७२७ मध्ये निजाम-उल-मुल्कने चौथाई-सरदेशमुखी अडवली. कोल्हापूरकर संभाजीराजेही हक्क सांगतात, आधी खरा छत्रपती कोण ते ठरवा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे भांडण जमिनीच्या तुकड्याचं नव्हतं, दख्खनच्या सहा सुभ्यांवर शाहू महाराजांचा हक्क मान्य होतो की नाही याचं होतं. निजामाला संपवायची गरज नव्हती, त्याच्या सहीची गरज होती. ही रणनीती.

आता मोहीम. निजामाजवळ जड तोफा. समोरासमोर उभं राहिलं तर त्याचंच पारडं जड. म्हणून बाजीराव पावसाळा सरताच जालन्याच्या मुलखात शिरले, लुटालूट केली, आणि मोठी लढाई न देता खानदेशातून गुजरातेत उतरले. निजाम काही काळ मागे धावला, मग कंटाळून पुण्यावर आला. पुणं घेतलं, संभाजीराजांना तिथं बसवलं. कुणीही म्हणेल, निजाम जिंकला! पण शाहू महाराज पुरंदरावर सुखरूप होते, आणि बाजीराव पुणं सोडवायला आलेच नाहीत. ते औरंगाबादच्या दिशेनं निघाले. आपली राजधानी जाते म्हटल्यावर निजामाला पुणं सोडून उत्तरेकडे धावावं लागलं, आणि वेग हवा म्हणून जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. शत्रूची सर्वात मोठी ताकद त्याच्याच हातानं सोडायला लावली. हे सगळं महिनोन्‌महिने चाललेलं, शेकडो कोसांवर पसरलेलं.

डावपेच सर्वात शेवटी. वैजापूरजवळ पालखेडला फेब्रुवारी १७२८ अखेर घेराव पडला, दाणापाणी तुटलं. पाण्यावाचून फौज किती दिवस उभी राहणार? मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

दिंडोरीकर: पालखेड म्हणजे आमचं कादवेवरचं धरण ना? तिथं एवढी पाणीटंचाई कशी झाली असेल?

जुना_तोफखाना: नाही हो, ते नाशिक जिल्ह्यातलं पालखेड. हे वैजापूर तालुक्यातलं. ही गल्लत माझ्या मेव्हण्यानंही केली होती, धरणावर जाऊन स्मारक शोधत बसला.

कागदपत्री: मला हा तीन मजली बंगला पटत नाही. मोहिमेची वेगळी पातळी ही कल्पना १९२० च्या दशकात रशियात स्वेचिन या लष्करी विचारवंतानं मांडली, लाखोंच्या फौजा आणि रेल्वे समोर ठेवून. तुम्ही ती दोनशे वर्षं मागे नेऊन बाजीरावांना चिकटवताय. गुजरातेत जाण्याचं साधं कारण पैसाही असू शकतो. फौज पोसायची तर खंडणी वसूल करायलाच हवी. निजामाला हुलकावणी बसली ती ओघानं.

जुना_तोफखाना: शब्द नंतरचा आहे, मान्य. पण गुरुत्वाकर्षण हा शब्द यायच्या आधीही आंबे खालीच पडत होते. पैशाचं म्हणणं मात्र मी खोडून काढणार नाही. दोन्ही हेतू एकाच वेळी असू शकतात. फक्त एक सांगा: पुणं गेल्याचं कळूनही ते पुण्याला का वळले नाहीत? याचं उत्तर खंडणीत मिळत नाही.

कागदपत्री: शाहू महाराज पुरंदरावर सुरक्षित होते म्हणून. ते पकडले गेले असते तर तुमची मोहीम तिथंच कोसळली असती. मग श्रेय पुरंदरच्या तटाला द्या.

जुना_तोफखाना: हे मात्र खरं. तो धोका होताच, आणि तो पत्करला गेला.

परीक्षार्थी_२२: म्हणजे निजामानं पुणं घेतलं, तरी त्याला हवं होतं ते मिळालं नाही. असं का?

जुना_तोफखाना: हो. शहर हाती आलं, पण शाहू महाराजांचा हक्क मोडला नाही. तुझा प्रश्न तिथंच सुटतो.

गडवाट: पण मग तहानंतर निजाम शांत बसला का? १७३१ ला डभईत बाजीरावांविरुद्ध लढलेल्या दाभाड्यांना पाठिंबा त्याचाच होता, आणि १७३७ च्या डिसेंबरात भोपाळला पुन्हा तोच वेढला गेला. रणनीती एवढी फत्ते झाली तर हे का?

कागदपत्री: आज पहिल्यांदा गडवाटशी सहमत. सही मिळाली, पण तो माणूस आणि त्याची फौज जशीच्या तशी राहिली.

जुना_तोफखाना: संपवायला निघाले असते तर तोफा मागे टाकून धावलेला निजाम पालखेडला आला असता का, हाच प्रश्न आहे. मला वाटतं, नाही. तुम्हाला वाटतं, हो. दिंडोरीकर, तुमचं काय?

दिंडोरीकर: मी अजून वैजापूरचा रस्ता शोधतोय.