मदत हवी आहे: कथेतल्या बाईंना फोटो खोटा आहे हे कळणार कसं?

मी एक लघुकथा लिहितेय, जिल्हा परिषद शाळेतल्या रिटायर झालेल्या बाई आहेत, त्यांना जुन्या मुलांनी १९९८ च्या सातवीचा ग्रुप फोटो फ्रेम करून दिलाय. खरं तर त्या वर्षी फोटो निघालाच नव्हता, मुलांनी सुट्टे चेहरे देऊन तो एआयवर बनवून घेतलाय. बाई रोज त्याच्याकडे बघतात.

आता अडलंय ते इथे. बोटं जास्त दिसतात वगैरे मला नकोय, हल्लीच्या फोटोत ती चूक फारशी राहत नाही. मी पुढच्या पाटीवर "इयत्ता ७ वी" असं ठेवलंय, लांबून बरोबर वाटतं पण चष्मा लावून बघितलं तर 'यत्ता'तला जोड त्त नीट नाही, रेघच आहे नुसती. आणि जी मुलगी सहावीतच शाळा सोडून गेली ती पहिल्या रांगेत हसतेय. प्रिंटमध्ये फाइलची माहिती नसते, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतूनही ती बहुतेक उडते, म्हणजे तो मार्ग बंद.

शिक्षक मंडळींनो, तुम्हाला आधी काय खटकलं असतं, अक्षर की ती मुलगी?