विषय: फ्लॅटमेटला घर सोडण्याबद्दल कसे कळवावे? नोटीस आणि डिपॉझिट

नमस्कार मंडळी,
मी पुढील महिन्याच्या अखेरीस राहते घर सोडणार आहे, मात्र माझा फ्लॅटमेट तिथेच राहू इच्छितो. करारावर आम्हा दोघांच्याही सह्या आहेत आणि करारात एक महिन्याची नोटीस लिहिलेली आहे. एकूण डिपॉझिट ३००० असून मोठी खोली माझ्याकडे असल्यामुळे त्यातले १८०० मी आणि १२०० त्याने भरले होते. आमची मैत्री चांगली आहे, त्यामुळे हिशेबाचा विषय कोणत्या शब्दांत काढावा हेच मला सुचत नाही.

*

उत्तर १
यात अवघड असे काही नाही. एक महिना आधी सांगितले म्हणजे तुमची जबाबदारी संपली. शेवटच्या महिन्याचे भाडे देऊ नये, ते डिपॉझिटमधून वळते करून घ्यावे. आम्ही दोन वेळा असेच केले आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

*

उत्तर २
वरील सल्ला घरमालकाला मान्य असेल तरच चालतो. एरवी थकबाकी दोघांच्या नावावर चढते आणि तिचा तगादा मागे राहणाऱ्याच्या मागे लागतो. फ्लॅटमेटला कळवणे आणि घरमालकाला नोटीस देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करार एकत्र असेल, तर मालकाने तुमचे नाव लेखी कमी करेपर्यंत तुम्ही बांधीलच राहता, आणि काही ठिकाणी एकाने दिलेल्या नोटिशीने दोघांचाही करार संपतो. म्हणून आधी फ्लॅटमेटशी बोला, नंतर दोघे मिळून मालकाला लिहा. नोटिशीचा महिना पत्र पोहोचल्या दिवसापासून मोजतात की भाड्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, हेही करारात पाहून घ्या.

आता डिपॉझिटविषयी. घर रिकामे होईपर्यंत मालक सहसा ते अर्धवट परत करत नाही, त्यामुळे तुमचा वाटा बहुधा तुमच्या जागी येणाऱ्याकडूनच येईल. अडचण इथेच होते, कारण नव्या माणसाने १८०० थेट तुमच्या हातात ठेवले, तर तुमच्या काळातल्या नुकसानीची कपात पुढे त्या दोघांच्या माथी बसते. समजा, तुमच्या खोलीच्या दारावरचा ओरखडा १०० चा आणि बैठकीच्या खोलीतल्या फरशीचा तडा २०० चा धरला. ओरखडा तुमचा, तडा निम्मा-निम्मा. म्हणजे तुमच्याकडे २०० येतात. नव्याने भरलेल्या १८०० पैकी १६०० तुम्ही घ्यावेत आणि २०० फ्लॅटमेटकडे राहावेत. पुढे मालकाने ३०० कापून २७०० परत केले, की नव्याला पूर्ण १८०० मिळतात आणि फ्लॅटमेटला उरलेले ९०० अधिक हे २०० मिळून ११०० मिळतात, म्हणजे त्याच्या खिशातून फक्त तड्याचे १०० गेले. मालकाने काहीच कापले नाही तर तुमचे २०० परत यावेत, हेही आत्ताच लिहून ठेवा. निघण्याच्या दिवशी दोघांनी मिळून फोटो काढावेत. रंग फिका पडणे ही वापराची झीज आहे, तिला नुकसानीत धरू नका.

*

उत्तर ३
आमच्या मालकाने तर स्वच्छतेच्या नावाखाली निम्मे डिपॉझिट कापले होते! अशा मालकांविरुद्ध मंडळाने काही तरी करायला हवे.

*

उत्तर ४
काका, येथे मालकाविषयी तक्रार नाही, दोन मित्रांमधला हिशेब आहे. मला वेगळीच शंका आहे. नवा माणूस महिनाभरात सापडलाच नाही, तर रिकाम्या खोलीचे भाडे कोणी भरायचे?

*

उत्तर २ (पुन्हा)
कायद्यापेक्षा तुमच्या आपसांतल्या ठरावाचा हा प्रश्न आहे. मी असते, तर नोटिशीपुढे आणखी एक महिना माझा वाटा देण्याची तयारी दाखवली असती. त्याहून अधिक मागणे रास्त आहे की नाही, यावर आमच्या घरीसुद्धा एकमत होत नाही.

*

मूळ प्रश्नकर्ता
ताई, मनःपूर्वक आभार. फ्लॅटमेटला पाठवण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे. कुठे खटकत असल्यास अवश्य सांगावे.

"मित्रा, नोकरी बदलल्यामुळे मी पुढच्या महिन्याच्या अखेरीस घर सोडायचे ठरवले आहे, आणि मालकाला कळवण्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळावे, असे मला वाटले. तुला तिथेच राहायचे असेल, तर माझे नाव कमी करून नव्या माणसाचे नाव घालावे, असे आपण दोघे मिळून मालकाला लिहू. माणूस शोधण्याचे काम मी अंगावर घेतो, मात्र पसंती तुझी. डिपॉझिटच्या माझ्या १८०० मधून दाराचे १०० आणि फरशीच्या तड्याच्या निम्म्या खर्चाचे १०० तुझ्याकडे राहू देत, म्हणजे पुढे तुला माझ्या वाटचा भुर्दंड पडणार नाही. मालकाने ते कापले नाहीत, तर मला परत कर. खोली रिकामी राहिली, तर आणखी एक महिना मी माझे भाडे देईन. आकडे तुला पटत नसतील तर मोकळेपणाने सांग. शनिवारी संध्याकाळी बसून करार एकदा वाचूया का?"

*

उत्तर ४
मजकूर उत्तम आहे. केवळ "आणखी एक महिना" याऐवजी नेमकी तारीख घाला, कारण तो महिना नोटिशीनंतरचा की तुम्ही निघाल्यानंतरचा, यावरून पुढे गैरसमज होऊ शकतो.