मदत हवी आहे: 'बॉम्बे'च्या गोष्टीतला 'बाइं' खरा का?

'बॉम्बे' म्हणजे पोर्तुगिजांची 'बॉम बाहिआ', चांगली खाडी, ही गोष्ट तपासतोय. व्याकरणातच ती अडखळते: 'बाहिआ' स्त्रीलिंगी, म्हणजे 'बोआ बाहिआ' हवं. शिवाय जुन्या पोर्तुगीज कागदांत 'बोंबाइं' दिसतं. शेवटचं ते अनुनासिक 'बाहिआ'त नाहीच.

यावर समर्थकांची पळवाट अशी, की मूळ शब्द 'बाइं', छोट्या खाडीसाठीचा जुना पुल्लिंगी शब्द. आजच्या शब्दकोशात मला तो मिळाला नाही, पण तेवढ्यानं तो नव्हताच असं ठरत नाही. (मुंबादेवीची व्युत्पत्ती ठाऊक आहे, ती नको.)

या एका नावाबाहेर, 16व्या शतकातल्या पोर्तुगीज मजकुरात खाडी या अर्थानं 'बाइं' कुणाला आढळलाय का?